स्प्रिंकलर बसवा, नाहीतर...? विमा कंपनीच्या पत्रातली मुदत संपली की संरक्षणाचं नेमकं काय होतं

डिचोली, तुये, पिळर्ण इथल्या औद्योगिक वसाहतींत कारखाना चालवणाऱ्याला विमा कंपनीचं एक पत्र कधी ना कधी येतंच. त्याआधी महिना-दीड महिना कंपनीचा इंजिनियर कारखान्यात फिरून गेलेला असतो. त्याने गोदामात मालाची उंची मोजलेली असते, वायरिंगचे फोटो काढलेले असतात, पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारलेलं असतं. मग पत्र येतं. तयार मालाच्या गोदामात ऑटोमॅटिक स्प्रिंकलर बसवा, मुदत 90 दिवस, आणि शेवटी एक ओळ की तसं न झाल्यास कंपनी पॉलिसीच्या अटींचा फेरविचार करेल.

हे पत्र वाचून मालक दोन टोकाच्या समजुती करून घेतात. काहींना वाटतं, हप्ता भरलाय, पॉलिसी हातात आहे, पत्र फाईलला लावून ठेवलं तरी चालेल. काहींना वाटतं, 91 व्या दिवशी विमा आपोआप संपला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा प्रश्न एकट्या मालकाचाही नाही. गोव्याच्या या कारखान्यांत दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याकडून रोज ये-जा करणारे कामगार आहेत. आग लागल्यानंतर कारखाना पुन्हा उभा राहतो की कुलूप लागतं, हे बऱ्याचदा क्लेम मिळाला की नाही यावर ठरतं.

आग लागली की काय होतं, हे उत्तर गोव्याने फार लांब न जाता पाहिलेलं आहे. 10 जानेवारी 2023 रोजी पिळर्ण औद्योगिक वसाहतीतल्या बर्जर बेकर कोटिंग्ज या रंगाच्या कारखान्याला मोठी आग लागली. धुराचे लोट आजूबाजूच्या गावांवर गेले, लोकांना घरं सोडून हलावं लागलं. त्या कारखान्याचा विमा किंवा तिथली यंत्रणा हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की ज्वलनशील मालाची आग एकदा धरली की बाहेरून आलेले बंब ती पसरू न देण्याचं काम करतात, आतला माल वाचवणं त्यांच्या हातात फारसं उरत नाही. विमा कंपनीचा इंजिनियर स्प्रिंकलर मागतो तो याच कारणासाठी. बंब पोचायच्या आधीच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आग दाबणारं काहीतरी छताखाली असावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

दोन सर्व्हेयर, दोन कामं

आधी एक गोंधळ दूर करू. नुकसान झाल्यावर येतो तो लॉस सर्व्हेयर. त्याला विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा परवाना लागतो आणि तो नुकसानीची रक्कम ठरवतो. आगीच्या आधी येतो तो रिस्क इंजिनियर. तो धोका किती ते पाहतो आणि अहवाल विमा कंपनीच्या अंडररायटिंग विभागाला देतो. रक्कम मोठी असेल तर तोच अहवाल पुनर्विमा देणाऱ्या कंपनीकडेही जातो. म्हणून पत्रावर सही इथल्या शाखेची असली तरी स्प्रिंकलरचा आग्रह मुंबईतून किंवा परदेशातून आलेला असू शकतो. शाखेतला ओळखीचा अधिकारी तोंडी म्हणाला, 'बघू हो, काही होत नाही', तर त्या शब्दाला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला ही तिसरीच गोष्ट. तो सरकारच्या नियमांसाठी असतो. 'आमच्याकडे दाखला आहे' हे विमा कंपनीच्या पत्राला उत्तर होत नाही, कारण कंपनी कायदा पाळला की नाही हे विचारत नसते. आपले पैसे किती धोक्यात आहेत, हे ती पाहत असते.

पत्रातलं वाक्य कुठल्या प्रकारचं आहे?

संरक्षणावर काय परिणाम होणार, हे मुदतीच्या तारखेपेक्षा वाक्यावर अवलंबून असतं. अशी वाक्यं साधारण चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार, शिफारस. 'स्प्रिंकलर बसवावेत असे सुचविण्यात येते.' याने चालू पॉलिसी बदलत नाही. पॉलिसी हा करार आहे आणि चालू करारात एका बाजूने पत्र पाठवून नवी अट घुसवता येत नाही. 91 व्या दिवशी आग लागली तर नुसती शिफारस पाळली नाही म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला आधार मिळत नाही. पण शिफारस फाईलमध्ये राहते आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा टेबलावर येते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. पॉलिसी देतानाच तिच्या शेड्यूलमध्ये एक ओळ असते की सर्व्हेतील शिफारशी ठरलेल्या दिवसांत पूर्ण करण्याच्या अटीवर हे संरक्षण आहे. तेव्हा सर्व्हे झालेला नसतो, त्यामुळे मालक ती ओळ वाचत नाही. नंतर पत्र आलं की ते नुसतं पत्र उरत नाही, आधीच मान्य केलेल्या अटीचा तो भाग होतो. म्हणून पत्र हातात पडल्यावर पहिलं काम म्हणजे पॉलिसीचं शेड्यूल काढून त्यात अशी ओळ आहे का ते पाहणं.

तिसरा प्रकार, एन्डॉर्समेंट. दोन्ही बाजूंच्या संमतीने किंवा नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीला जोडलेली अट. ती वॉरंटी म्हणून येऊ शकते, म्हणजे अमुक तारखेपासून गोदामात चालू स्थितीतलं स्प्रिंकलर असेलच, असं मालकाने दिलेलं वचन. ती वाढीव एक्सेसच्या रूपातही येऊ शकते, म्हणजे क्लेममधला ठरावीक हिस्सा मालकाने सोसायचा. ही अट मोडली तर परिणाम थेट क्लेमवर होतो.

चौथा प्रकार म्हणजे पॉलिसी रद्द करण्याची नोटीस. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत कंपनीला 15 दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येतो आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता परत करावा लागतो. लहान-मध्यम उद्योगांच्या नव्या पॉलिसींत याचे शब्द वेगळे असतात, तेव्हा आपलीच पॉलिसी वाचावी. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली जनरल अॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदमल जैन या प्रकरणात या अधिकाराची सीमा आखून दिली. ते प्रकरण बंगालमधल्या धुलियानच्या घरांचं होतं, धोका नदीच्या धुपेचा होता. नुकसान सुरू व्हायच्या आधी दिलेली नोटीस चालते, नुकसान सुरू झाल्यावर कंपनी अंग काढून घेऊ शकत नाही, असं त्यातलं तत्त्व. आपल्या विषयात त्याचा अर्थ असा की आग लागल्यानंतर कंपनी मागच्या तारखेने विमा काढून घेऊ शकत नाही, पण आग लागलेली नसताना तिने नीट नोटीस दिली तर तक्रारीला फारशी जागा राहत नाही.

आकड्यांत पाहू

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डिचोली वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना आहे. इमारत 6 कोटी, यंत्रं 14 कोटी, माल 10 कोटी, म्हणजे एकूण 30 कोटींचा विमा. 1 एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या जागेला सूक्ष्म उद्यम आणि 5 ते 50 कोटींपर्यंतच्या जागेला लघु उद्यम अशी प्रमाणित पॉलिसी आहे, त्यामुळे हा कारखाना 'भारत लघु उद्यम सुरक्षा'मध्ये बसतो. पत्र आलं 1 फेब्रुवारीला, मुदत 90 दिवस, म्हणजे 2 मे. पॉलिसी संपते 30 जूनला. 10 मे रोजी गोदामाला आग लागून 4 कोटींचं नुकसान झालं.

पत्र नुसती शिफारस असेल आणि शेड्यूलमध्ये काही अट नसेल, तर नेहमीचा एक्सेस वजा होऊन क्लेम मिळायला हवा. मुदत उलटून आठ दिवस झाले, एवढंच कारण पुरत नाही.

मार्चमध्ये मालकाने एन्डॉर्समेंट मान्य केलेली असेल की 2 मेनंतर स्प्रिंकलर नसेल तर क्लेमच्या 25 टक्के एक्सेस, तर 1 कोटी मालकाच्या खिशातून जातात आणि 3 कोटी मिळतात. बँकेचं कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, त्यामुळे ते 3 कोटी आधी बँकेकडे वळतात. पुन्हा कच्चा माल घ्यायला हातात काय उरतं, याचा हिशेब मालकाने आधीच करून ठेवलेला बरा.

वॉरंटी असेल आणि स्प्रिंकलर बसलेलंच नसेल, तर कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते. मग ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. व्यावसायिक संस्थेने घेतलेल्या विम्यासाठीही ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण निकाल येईपर्यंत जातात ती वर्षं, आणि तेवढी वर्षं कामगार थांबत नाही.

इथे आणखी एक गाठ आहे. काही कारखाने बंद काळातला नफा आणि पगार भरून देणारी वेगळी पॉलिसी घेतात. ती पॉलिसी सहसा मालमत्तेचा क्लेम मान्य झाला तरच चालू होते. म्हणजे स्प्रिंकलरच्या अटीवर मूळ क्लेम अडला की पगाराचे पैसेही तिथेच अडतात.

90 दिवसांत हे काम होतं का?

स्प्रिंकलर म्हणजे छताला पाईप आणि त्याला तोट्या, इतकं सोपं ते नाही. प्रत्येक तोटीत काचेची नळी असते. नेहमीच्या तोटीची लाल नळी 68 अंश सेल्सियसला फुटते आणि फक्त तीच तोटी उघडते. सिनेमात सगळ्या एकदम सुटतात तसं खऱ्यात होत नाही. पण उघडलेल्या तोट्यांतून पाणी जोरात आणि पुरेसा वेळ पडायला हवं, आणि खर्च तिथेच आहे.

पाण्याचा हिशेब असा करतात. समजा डिझाइनने ठरवलं की दर चौरस मीटरला मिनिटाला 10 लिटर पाणी पडायला हवं, एका वेळी 260 चौरस मीटरवर, आणि 90 मिनिटं. म्हणजे मिनिटाला 2,600 लिटर, एकूण 2 लाख 34 हजार लिटर. दहा हजार लिटरचे तेवीस-चोवीस टँकर. हे पाणी फक्त आगीसाठी राखून ठेवावं लागतं. पेडणे आणि डिचोलीत तिळारीच्या कालव्याला भगदाड पडलं की नळाला काय येतं, हे दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून इंजिनियर 'वसाहतीची पाईपलाईन आहे' हे उत्तर मान्य करत नाही, स्वतःची टाकी मागतो. वीज गेली तरी चालावा म्हणून डिझेलवरचा पंपही मागतो.

आता कामाचे टप्पे बघा. मालाचा प्रकार आणि थप्पीची उंची पाहून डिझाइन. ते विमा कंपनीकडून तपासून घेणं. टाकीचं खोदकाम आणि काँक्रीट. पंपाची ऑर्डर. छताच्या कैच्या पाईपचं पाण्यासकट वजन पेलतील का, याची तपासणी. मग पाईप, दाबाची चाचणी आणि पूर्णत्वाचा दाखला. पत्र मार्च-एप्रिलमध्ये आलं तर टाकीचं काम थेट पावसात जातं. 90 दिवसांत हे सगळं बसणं बहुतेक ठिकाणी कठीण आहे आणि विमा कंपनीच्या इंजिनियरलाही ते माहीत असतं.

म्हणून मुदतीच्या आत गप्प न राहता लेखी उत्तर पाठवणं, यातच मालकाचं हित आहे. त्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात. एक, टप्प्यांची तारीखवार यादी आणि सल्लागाराला किंवा ठेकेदाराला दिलेल्या ऑर्डरची प्रत. दोन, तोपर्यंत धोका कमी करण्यासाठी आजपासून काय केलं: थप्पी किती उंचीपर्यंत खाली आणली, वेल्डिंगसाठी लेखी परवान्याची पद्धत लावली, रात्रीचा पहारा वाढवला, गोदामातलं चार्जिंग बाहेर काढलं. तीन, मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवून मिळावी आणि तोवर संरक्षण आहे त्याच अटींवर चालू असल्याचं लेखी कळवावं, ही विनंती. कंपनीचं होकाराचं पत्र किंवा ईमेल पॉलिसीसोबत ठेवावं. एजंट किंवा ब्रोकरने फोनवर दिलेला होकार पुरेसा धरू नये.

शिफारसच चुकीची वाटत असेल तर तेही याच वेळी सांगावं. रंग, थिनर, सॉल्व्हंटच्या गोदामात साधं पाणी कमी पडतं, तिथे फोम मिसळणारी यंत्रणा लागते. विजेच्या पॅनेलच्या खोलीत पाण्याऐवजी गॅसची यंत्रणा बसवतात. माल दोन शेडमध्ये विभागून मध्ये आग अडवणारी पक्की भिंत घालणं कधी स्वस्त आणि तेवढंच उपयोगी ठरतं. इंजिनियरला पटवून दिलं तर पर्याय मान्य होतात. न सांगता स्वतःच पर्याय निवडला तर कागदावर शिफारस अपूर्णच राहते.

कंपनी बदलून पत्रापासून सुटका?

ही पळवाट बाजारात सर्रास सुचवली जाते. या कंपनीने स्प्रिंकलर मागितलं, मग 30 जूनला दुसरीकडे जा. कंपनी बदलायला हरकत काहीच नाही. पण नव्या कंपनीच्या प्रस्ताव अर्जात आधीच्या विमा कंपनीने काही अटी घातल्या होत्या का, सुधारणा सुचवल्या होत्या का, असा प्रश्न असेल आणि तिथे 'नाही' लिहिलं, तर तो पूर्ण पॉलिसीला लागलेला सुरुंग आहे. विमा हा परम विश्वासाचा करार मानतात. महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली तर कंपनीला पॉलिसीच रद्द ठरवता येते. आग लागल्यावर लॉस सर्व्हेयर मागची कागदपत्रं मागतोच आणि जुनं पत्र ईमेलमध्ये सापडतंच. जी शिफारस जुन्या कंपनीकडे क्लेम अडवू शकत नव्हती, तीच लपवल्यामुळे नव्या कंपनीकडे पूर्ण क्लेम घालवू शकते.

उलट बाजूही न्यायालयांनी पाहिली आहे. 2022 मध्ये टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या प्रकरणात दुकान तळघरात होतं आणि पॉलिसीत तळघर वगळलेलं होतं. कंपनीने जागा पाहून विमा दिला होता. आग लागल्यावर त्या वगळणुकीचा आधार घेणं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं नाही. म्हणजे कंपनीने जे डोळ्यांनी पाहून हप्ता घेतला, त्याकडे नंतर पाठ फिरवणं तिलाही सोपं नाही. म्हणूनच खरी स्थिती अर्जात लिहून ठेवणं मालकाच्याच बाजूचं असतं: 'गोदामात स्प्रिंकलर नाही, काम अमुक टप्प्यावर आहे.' हे वाचून कंपनीने विमा दिला, तर पुढे वाद झाला तरी मालकाकडे पुरावा राहतो.

बसवल्यावर काम संपत नाही

स्प्रिंकलर बसलं की हप्त्यात सवलत मिळू शकते. पण सवलतीबरोबर यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची अटही येते, आणि बसवलेली यंत्रणा नेमक्या वेळी बंद असणं हे न बसवण्यापेक्षा वेगळं नसतं. हे बाहेरून ओळखता येतं. मुख्य व्हॉल्व्ह उघडा आणि साखळीने बांधलेला आहे का? दाबाचा काटा रोज त्याच जागी असतो का? डिझेल पंप आठवड्यातून एकदा चालवल्याची नोंद आहे का? आणि तोट्यांखाली निदान अर्धा मीटर जागा मोकळी आहे का? सीझनमध्ये ऑर्डर वाढली की थप्पी तोट्यांना टेकते, मग पाणी पसरत नाही. चार मीटर थप्पीसाठी केलेलं डिझाइन सहा मीटरच्या थप्पीला पुरत नाही, हेही तितकंच खरं. दुरुस्तीसाठी यंत्रणा बंद ठेवायची असेल तर किती दिवस, ते विमा कंपनीला आधी लेखी कळवावं.

कामगार आणि कामगार संघटनांनाही इथे एक प्रश्न विचारता येतो. गोदामातला व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे पाहायला कॉमर्सची पदवी लागत नाही. सुरक्षा समितीच्या बैठकीत विमा कंपनीच्या शिफारशींपैकी किती पूर्ण झाल्या आणि उरलेल्यांना मुदतवाढ लेखी मिळाली आहे का, एवढं मालकाला विचारलं तरी पुरे.